लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना : मग घर सोडायचं नेमकं कधी?

ऐरोली-घणसोली भागातले भाडेकरू माझ्याकडे करार घेऊन येतात ते बहुतेक वेळा उशिराच. अंगठे होऊन पाच-सहा महिने उलटलेले असतात, नवीन घराचं टोकन दिलेलं असतं आणि मालकाने डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापणार असं सांगितलेलं असतं. करार वाचला होता का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "एजंट म्हणाला, स्टँडर्ड फॉर्मॅट आहे."

त्या स्टँडर्ड फॉर्मॅटमधलं एकच कलम इथे घेतोय, कारण सगळ्यात जास्त पैसे त्याच कलमावरून अडकतात. ते साधारण असं असतं :

"सदर करारनाम्याच्या प्रारंभापासून सहा महिन्यांचा कालावधी हा लॉक-इन कालावधी राहील व तदनंतर उभय पक्षांपैकी कोणासही एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन सदर करार संपुष्टात आणता येईल. लायसेन्सीने सदर अटीचा भंग केल्यास लॉक-इनच्या उर्वरित कालावधीचे लायसेन्स शुल्क अनामत रकमेतून वळते करून घेण्याचा लायसेन्सर यांस अधिकार राहील."

लायसेन्सर म्हणजे मालक, लायसेन्सी म्हणजे तुम्ही, लायसेन्स शुल्क म्हणजे भाडं, अनामत म्हणजे डिपॉझिट आणि लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मोडून घर सोडता येत नाही तो काळ. इतके शब्द बदलले की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. खरी अडचण मात्र "तदनंतर" या साध्या शब्दात आहे.

घणसोलीतलं एक प्रकरण सांगतो. करार 1 जुलै 2025 ते 31 मे 2026, भाडं 18,000, डिपॉझिट 60,000. लॉक-इन 31 डिसेंबर 2025 ला संपणार. भाडेकरूची बदली पुण्याला झाली. त्याने 30 नोव्हेंबरला व्हॉट्सॲपवर कळवलं, "काका, 31 डिसेंबरला घर सोडतोय." त्याचा हिशेब असा होता की सहा महिने पूर्ण होतायत आणि एक महिना आधी सांगितलंय. मालकाचं म्हणणं वेगळं. लॉक-इन संपल्यावरच नोटीस देता येते, म्हणजे नोटीस धरायची 1 जानेवारीपासून आणि भाडं द्यायचं 31 जानेवारीपर्यंत. डिपॉझिटमधून 18,000 गेले, हातात 42,000 आले.

या दोघांपैकी लबाड कोणीच नव्हता. "तदनंतर" हा शब्द "देऊन"ला जोडला तर नोटीसच सहा महिन्यांनंतर द्यायची असा अर्थ निघतो आणि सहा महिन्यांचं लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं होतं. तोच शब्द "संपुष्टात आणता येईल"ला जोडला तर करार सहा महिन्यांनंतर संपला म्हणजे झालं, नोटीस आधी दिलेली चालते. कलम दोन्ही अर्थ घेऊ देतं, आणि तेव्हा डिपॉझिट ज्याच्या हातात, त्याचा अर्थ चालतो.

म्हणून कलम सोप्या भाषेत लिहायला बसलात की आधी त्यात तुमच्या तारखा आणि तुमची रक्कम घाला. "सहा महिने" लिहू नका, "31 डिसेंबर 2025" लिहा. तारीख लिहिताना हात अडखळला तर तिथे कलमच अपुरं आहे असं समजा. ते अंदाजाने भरून काढू नका, मालकाला विचारा.

वरच्या कलमात असे तीन अडखळे आहेत. नोटीस लॉक-इनमध्ये देता येते का, हा पहिला. दुसरा, लॉक-इन मालकालाही लागू आहे का : "उभय पक्ष" हे शब्द फक्त नोटिशीच्या वाक्यात आहेत आणि दंड फक्त भाडेकरूला आहे. तिसरा, लेखी सूचना म्हणजे काय आणि महिना कुठल्या दिवसापासून मोजायचा. हे तिन्ही मालकाशी बोलून मिटवल्यावर कलम असं लिहिता येतं :

"भाडेकरू 31 डिसेंबर 2025 च्या आधी घर सोडणार नाही. मालकही त्याआधी घर रिकामं करायला सांगणार नाही. त्या तारखेला किंवा नंतर घर सोडायचं किंवा रिकामं करून घ्यायचं असेल, तर एकाने दुसऱ्याला किमान एक महिना आधी लेखी कळवायचं. ही सूचना लॉक-इन चालू असतानाही देता येईल. उदाहरणार्थ, 30 नोव्हेंबरला कळवलं तर 31 डिसेंबरला घर सोडता येईल. सूचना या करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने किंवा या करारात लिहिलेल्या मोबाइल क्रमांकावर व्हॉट्सॲपने द्यायची. महिना पाठवल्याच्या दिवसापासून मोजायचा. भाडेकरूने 31 डिसेंबरच्या आधी घर सोडलं, तर सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून 31 डिसेंबरपर्यंतचं भाडं मालक डिपॉझिटमधून कापेल. त्याआधी नवीन भाडेकरू आला, तर तो आल्याच्या दिवसापासून ही कपात थांबेल."

यातली काही वाक्यं मूळ कलमाचं सोपं रूप आहेत, काही नवीन अटी आहेत. मालकावरचं बंधन, व्हॉट्सॲपची सोय आणि नवीन भाडेकरू आल्यावर कपात थांबणं, हे मूळ मजकुरात नव्हतंच. मालकाला कागद दाखवताना या वाक्यांखाली रेघ मारा आणि "हे नवीन आहे" असं तोंडाने सांगा. "फक्त मराठी सोपं केलंय" म्हणून अट सरकवलीत आणि ती त्याच्या लक्षात आली, तर घर हातचं जाईल, आणि दोष तुमचाच असेल.

शेवटच्या अटीला मालक सहसा कुरकुर करतात. त्यांना सांगायला एक मुद्दा आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारभंगासाठी ठरवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. घर दुसऱ्या महिन्यातच नव्या माणसाला देऊन जुन्याकडूनही उरलेले सगळे महिने वसूल करणं कोर्टात टिकवणं अवघड जातं. पण कोर्टात जाणार कोण? म्हणून ते आधीच लिहून घ्यायचं.

आता हा मजकूर जायचा कुठे, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. वेगळ्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या की भागलं असं वाटतं. मजकूर नोंदणी होणाऱ्या करारातच हवा. लेखी, नोंदणीकृत कराराच्या विरुद्ध "काका तेव्हा हो म्हणाले होते" हे सहसा पुराव्यात धरलं जात नाही. ऑनलाइन नोंदणीत एजंट अटींचा मजकूर संगणकावर भरतो, मग दोघांचं आणि साक्षीदारांचं अंगठा-फोटो होतं. मसुद्याची पीडीएफ अंगठ्याच्या किमान एक दिवस आधी मागा. एजंट म्हणेल की सिस्टिममध्ये बदल होत नाही. जादा अटी लिहिता येतात, फक्त त्याला पुन्हा टाइप करावं लागतं आणि खरा त्रास तोच असतो. जुनं कलम तसंच ठेवून खाली नवीन चिकटवू देऊ नका, नाहीतर एकाच करारात दोन परस्परविरोधी अटी राहतात. जुनं काढायला लावा.

दुय्यम निबंधक तुमची अट न्याय्य आहे की नाही हे बघत नाहीत. ते ओळख, मुद्रांक आणि नोंदणी बघतात. त्यामुळे "सरकारी कार्यालयात पास झालं म्हणजे बरोबरच असेल" हा भरवसा चुकीचा. एकदा नोंदणी झाली की बदल करायला पुरवणी करार करून तोही नोंदवावा लागतो, आणि भाडं सुरू झाल्यावर मालक त्यासाठी क्वचितच येतो.

बाकीचं नेहमीचंच : दोघांचं आधार व पॅन, दोन साक्षीदार आधारसह, घराचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यांच्या 0.25 टक्के. घर नवरा-बायकोच्या नावावर असेल तर अंगठे दोघांचे लागतात.

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" असं अजूनही सांगतात. महाराष्ट्रात हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, मग महिने कितीही असोत, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं नाही तर. नोटरीच्या कागदावर भागवू म्हणणाऱ्या मालकाला हे वाक्य दाखवलं की तो बहुधा स्वतःच नोंदणीची तारीख काढतो.

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो : नोटीस मालकाला मिळाल्याचा पुरावा. घणसोलीच्या त्या प्रकरणात व्हॉट्सॲप मेसेज गेला होता मालकाच्या मेहुण्याला, कारण दरमहा भाडं तोच घेत होता. करारात नाव मालकाचं, आणि मालक साताऱ्याला. मेहुण्याकडे मुखत्यारपत्र नव्हतं. म्हणजे "तदनंतर"चा वाद भाडेकरू जिंकला असता तरी सूचना योग्य माणसाला दिली हे दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. मग पोस्टाने पाठवावं म्हटलं, तर करारात मालकाचा पत्ता कुठला? त्याच भाड्याच्या फ्लॅटचा! मालकाच्या आधारवर तोच पत्ता होता आणि एजंटने तोच उतरवला होता. नोटीस पाठवली असती तर पोस्टमनने ती भाडेकरूच्याच दारात आणून दिली असती.

म्हणून मसुदा हातात आला की आधी मालकाचा पत्ता बघा. मालक सध्या जिथे राहतो तो पत्ता आणि त्याचा स्वतःचा मोबाइल क्रमांक सूचनेसाठी म्हणून वेगळा लिहून घ्या. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे जुन्या मसुद्यात "रजिस्टर्ड ए.डी." असेल तर ते बदलून घ्या. पाठवल्याची पावती आणि पोहोचल्याच्या ट्रॅकिंगचा प्रिंट जपून ठेवा, शाई उडण्याआधी पावतीचा फोटो काढा.

डिपॉझिट अडलं म्हणून लोक दुय्यम निबंधकांकडे जातात, तिथे हे काम नाही. पोलीस चौकीत दिवाणी बाब आहे असं सांगून परत पाठवतात. भाडे नियंत्रण कायद्यातल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे मालक मुदत संपलेलं घर परत मिळवायला जातो, भाडेकरूच्या डिपॉझिटसाठी ते दार नाही. वकिलाची नोटीस आणि नंतर दिवाणी न्यायालय, एवढंच उरतं. 18,000 साठी तिथे किती जण जातात, ते मालकालाही ठाऊक असतं.

आणि मुदतीच्या पुढे चार दिवस राहू म्हणून चावी ठेवू नका. करार संपल्यावर ताबा सोडला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई मागता येते. चावी देताना मीटरचं रीडिंग आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो घ्या, आणि "अमुक तारखेला चावी मिळाली" एवढी एक ओळ मालकाकडून, मेहुण्याकडून नव्हे, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.