दुसरी स्पर्शिका कुठे गेली?

परीक्षा जवळ आली की ठाणे, ऐरोली, वाशीतल्या अकरावीच्या क्लासचे व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री उशिरापर्यंत गणितांच्या फोटोंनी भरत राहतात. त्यातलं वर्तुळाच्या धड्यावरचं एक गणित बघू.

वर्तुळ: x² + y² − 4x + 6y − 12 = 0
बिंदू P(7, 7) मधून या वर्तुळाला काढलेल्या स्पर्शिकांची समीकरणे काढा.

प्रश्नात "स्पर्शिकांची" असं अनेकवचन आहे, आणि बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका निघतात हे दहावीतच शिकून झालेलं असतं. तरीही या गणितात बहुतेकांना एकच स्पर्शिका सापडते. मग "पुस्तकात छपाईची चूक आहे" असा निकाल लागतो. पुस्तक बरोबर असतं.

आधी वर्तुळ समजून घेऊ. पूर्ण वर्ग केले की (x − 2)² + (y + 3)² = 25 मिळतं. म्हणजे केंद्र C(2, −3) आणि त्रिज्या 5. P पासून C पर्यंत आडवं अंतर 5, उभं अंतर 10, म्हणून CP² = 25 + 100 = 125. हे त्रिज्येच्या वर्गापेक्षा, म्हणजे 25 पेक्षा मोठं आहे, तेव्हा P नक्की बाहेर आहे. त्रिज्या स्पर्शबिंदूपाशी स्पर्शिकेला लंब असते, म्हणून पायथागोरस लावला की स्पर्शिकाखंडाच्या लांबीचा वर्ग 125 − 25 = 100, आणि लांबी 10. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, शेवटी ताळा घ्यायला लागेल. तो पडताळायचा सोपा उपाय म्हणजे वर्तुळाच्या समीकरणाच्या डाव्या बाजूत (7, 7) घालणे: 49 + 49 − 28 + 42 − 12 = 100. जुळलं.

आता चढ. P मधून जाणारी, चढ m असलेली रेषा y − 7 = m(x − 7). ती स्पर्शिका असेल तर केंद्रापासून तिचं लंबांतर बरोबर 5 हवं. केंद्राचे निर्देशक घातले की

|10 − 5m| / √(m² + 1) = 5

दोन्ही बाजूंना 5 ने भागून वर्ग केला की 4 − 4m + m² = m² + 1. आणि इथे m² दोन्हीकडून उडतो. उरतं 4m = 3, m = 3/4. वर्गसमीकरण सोडवायला बसलेल्या मुलाच्या हातात साधं एकघाती समीकरण येतं, मूळ एकच, आणि रेषा एकच: 3x − 4y + 7 = 0.

m² उडाला, त्यातच दुसऱ्या स्पर्शिकेचा पत्ता आहे. P ला थोडं उजवीकडे, (7.1, 7) वर सरकवू. आता आडवं अंतर 5.1 झालं आणि समीकरण होतं

1.01m² − 102m + 75 = 0

त्याची मुळे साधारण 0.74 आणि 100.2. दोन स्पर्शिका, दोन चढ, सगळं ठीक. एक आपल्या 3/4 च्या आसपास, आणि दुसरी इतकी खडी की आडवं एक पाऊल टाकलं तर शंभर पावलं वर. P आणखी जवळ, (7.01, 7) वर आणला की m² चा सहगुणक 0.1001 इतका बारीक होतो आणि मोठं मूळ 1000 च्या घरात जातं. सहगुणक शून्याकडे सरकतो तसतसं दुसरं मूळ वाढत जातं आणि स्पर्शिका ताठ होत जाते. आता P ला उलट्या बाजूला, (6.9, 7) वर न्या. मोठं मूळ एकदम सुमारे −99.7 होतं. रेषा मात्र कुठेच उडी मारत नाही. ती उभ्या स्थितीतून जराशी पलीकडे कलली, एवढंच. उडी फक्त चढाच्या आकड्यात आहे.

P नेमका (7, 7) वर असतो तेव्हा दुसरी स्पर्शिका सरळ उभी असते: x = 7. केंद्राचा x 2, त्रिज्या 5, आणि 2 + 5 = 7, म्हणून ती वर्तुळाला (7, −3) मध्ये टेकते. उभ्या रेषेवर x बदलतच नाही, त्यामुळे चढाच्या सूत्रात छेद शून्य होतो आणि चढ अस्तित्वातच नसतो. y − 7 = m(x − 7) लिहिलं त्याच क्षणी आपण उभ्या रेषेला यादीतून वगळलं होतं. बेरजा-वजाबाक्या सगळ्या बरोबर होत्या, चूक त्या पहिल्या ओळीत होती.

आता ताळा. P(7, 7) पासून (7, −3) पर्यंत अंतर 10. 3/4 चढाची स्पर्शिका वर्तुळाला (−1, 1) मध्ये टेकते. तिथपर्यंत आडवं 8, उभं 6, म्हणून हेही 10. केंद्रापासून (−1, 1) कडे जाणाऱ्या त्रिज्येचा चढ −4/3, आणि 3/4 शी गुणाकार −1, म्हणजे लंब. उभ्या स्पर्शिकेला ही −1 ची कसोटी लावू नका, तिथे गुणायला चढच नाही. त्रिज्या आडवी आणि स्पर्शिका उभी, एवढं पुरे.

फोटोची भानगड यापुढची. पुस्तकाच्या शिवणीकडे पान वळलेलं असतं, त्यावर अंगठ्याची सावली पडते, फोटो पाठवताना दाबला जातो, आणि "+ 6y" मधली उभी बारीक रेघ पुसून "− 6y" दिसतं. आता केंद्र (2, 3), त्रिज्या पुन्हा 5. CP² = 41, स्पर्शिकाखंडाच्या लांबीचा वर्ग 16, लांबी 4. किती सुबक! "उत्तर पूर्णांक आलं म्हणजे गणित बरोबर" हा समज क्लासमध्ये फार खोल रुजलेला आहे, आणि "दहा सेकंदांत उत्तर" म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्रिक त्याच्यावरच जगतात. त्याला कसलाही आधार नाही. इथे x = 7 सुद्धा जसंच्या तसं येतं, कारण केंद्राचा x बदललेलाच नाही. म्हणजे दोनपैकी एक उत्तर पुस्तकाशी जुळेल आणि मुलगा निर्धास्त होईल. दुसरी स्पर्शिका मात्र 9x + 40y = 343 अशी निघेल, तिचा चढ −9/40.

लांबीचा ताळा ही चूक पकडू शकत नाही, कारण तो चुकीच्या वर्तुळाशीच घेतलेला असतो. शेजारी आकृती असेल तर केंद्र X-अक्षाच्या खाली आहे की वर, ते बघा. तिरक्या फोटोत वर्तुळ लंबवर्तुळासारखं चेपतं आणि काटकोन काटकोन दिसत नाही, त्यामुळे मोबाईलच्या पडद्यावर कोनमापक ठेवून काही हाती लागत नाही. पण टेकणारी रेषा फोटोतही टेकलेलीच राहते. आकृती नसेल तर पाठवणाऱ्याकडून चिन्हांची ओळ टाईप करून घ्यावी.

उभी स्पर्शिका निसटू नये म्हणून चढ वापरूच नका. रेषा a(x − 7) + b(y − 7) = 0 अशी लिहा. a आणि b दोन्ही एकदम शून्य नकोत, बाकी अट नाही, आणि यात उभ्या रेषेलाही जागा आहे. लंबांतराची तीच अट लावली, 5 ने भागून वर्ग केला की

(a + 2b)² = a² + b²

इथे a² उडतो, पण काही हरवत नाही. उरतं 4ab + 3b² = 0, म्हणजे b(4a + 3b) = 0. b = 0 घेतलं की x = 7. 4a = −3b घेतलं, a = 3 आणि b = −4, की 3x − 4y + 7 = 0.