दहा ग्रॅम यीस्ट म्हणजे नक्की किती यीस्ट?

एका बेकरीवाल्या काकांनी मला लादीपावाची कृती सांगितली होती: अर्धा किलो मैदा, 300 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम यीस्ट, मग मीठ, साखर, थोडं तेल. घरी आल्यावर मी डब्यातलं इन्स्टंट यीस्ट 10 ग्रॅम मोजून घातलं. मे महिना होता. पीठ अर्ध्या तासात दुप्पट झालं आणि पाव वळेपर्यंत गोळे हाताखाली फुसफुशीत होऊ लागले. भट्टीत ते आधी वर आले आणि मग मधोमध बसले. कापल्यावर यीस्टचा उग्र वास आला. कृतीत चूक नव्हती. काकांच्या यीस्टमध्ये आणि माझ्या यीस्टमध्ये तिपटीचा फरक होता, एवढंच.

काका वापरत होते ते ताजं यीस्ट. फिकट रंगाच्या, मेणासारख्या दिसणाऱ्या वड्या, बोटांनी दाबल्या की कुस्करल्या जातात. ताजं यीस्ट, ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट आणि इन्स्टंट यीस्ट, तिन्हींत पेशी एकाच जातीच्या असतात, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. फरक आहे तो मुख्यतः पाण्याचा. ताज्या वडीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 70 ग्रॅम पाणी असतं आणि उरलेले 30 ग्रॅम म्हणजे खरं यीस्ट. सुक्या यीस्टमध्ये पाणी जेमतेम 5 ते 8 टक्के असतं. म्हणून वजनाला वजन बदलून चालत नाही.

आता हिशोब करून बघू. ताज्या 100 ग्रॅममधलं 30 ग्रॅम कोरडं यीस्ट इन्स्टंटमधून मिळवायचं. इन्स्टंटचा 95 टक्के भाग कोरडा असतो, म्हणजे 30 भागिले 0.95, साधारण 32 ग्रॅम. बेकर लोक जो तोंडी नियम वापरतात तो जवळपास हाच: इन्स्टंट म्हणजे ताज्याचा एक तृतीयांश. कागदावरचं गणित आणि हाताचा अनुभव इथे जुळतात.

ॲक्टिव्ह ड्रायचं मात्र जुळत नाही. त्यातही पाणी कमीच, त्यामुळे हिशोबाने तेही 32 ग्रॅमच यायला हवं. पण प्रत्यक्षात 40 ग्रॅम घ्यावं लागतं, काही उत्पादक तर 50 सांगतात. हे जास्तीचे आठ ग्रॅम जातात कुठे?

ते मेलेल्या पेशींचे आहेत. ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालं, सैन्याला फ्रीजशिवाय टिकणारं यीस्ट हवं होतं म्हणून. ते वाळवताना बऱ्याच पेशी उष्णतेने मरतात आणि प्रत्येक दाण्याभोवती या मृत पेशींचं कवच तयार होतं. आतल्या जिवंत पेशींपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणूनच ते आधी कोमट पाण्यात भिजवतात. इन्स्टंट यीस्ट नंतरचं, 1970 च्या दशकात रुळलेलं. ते हलक्या हाताने आणि झटपट वाळवतात, दाणे बारीक आणि सच्छिद्र असतात, बऱ्याच पेशी जिवंत राहतात, आणि ते थेट पिठात मिसळता येतं.

पाकिटावर नुसतं ‘ड्राय यीस्ट’ लिहिलं असेल तर थोडे दाणे तळहातावर घेऊन पाहा. राजगिऱ्यासारखे गोल आणि टणक दाणे असतील तर ॲक्टिव्ह. शेवयांच्या चुऱ्यासारख्या बारीक काड्या असतील तर इन्स्टंट.

ॲक्टिव्ह भिजवताना पाणी किती गरम, हे मला प्रमाणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. साधारण 40 अंश सेल्सिअस पाहिजे, म्हणजे हाताला स्पष्ट ऊन लागेल पण चटका बसणार नाही. गार पाण्यात भिजवलं तर पेशींची आवरणं नीट सावरत नाहीत आणि आतला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ बाहेर झिरपतो. तो मैद्यातल्या ग्लुटेनचे दुवे सैल करतो. मग पीठ फुगतं, पण चिकट आणि ढिलं राहतं, गोळा उभा न राहता परातीत पसरतो. पाणी जास्त झालं असं समजून माणूस मैदा वाढवत बसतो. अशा वेळी पीठ ताणून बघावं, त्यात तपकिरी न विरघळलेले दाणे दिसले तर दोष भिजवण्याचा आहे.

परत काकांच्या कृतीकडे. 10 ग्रॅम ताज्याऐवजी 3.3 ग्रॅम इन्स्टंट किंवा 4 ग्रॅम ॲक्टिव्ह. शिवाय ताज्या वडीसोबत 7 ग्रॅम पाणी पिठात जात होतं, ते आता जात नाही, म्हणून 300 च्या जागी 307 ग्रॅम पाणी घ्यायचं. घरी हे 7 ग्रॅम कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण 50 किलो मैद्याला एक किलो ताजं यीस्ट घालणाऱ्या बेकरीने इन्स्टंटवर जाताना पाणी तसंच ठेवलं, तर पिठात जवळजवळ पाऊण लिटर पाणी कमी पडेल आणि ते हाताला लगेच घट्ट लागेल.

अडचण 3.3 ग्रॅम मोजण्याची आहे. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमने सरकतो, त्यामुळे 3 दाखवत असेल तेव्हा खरं वजन अडीच असेल किंवा साडेतीनही. चमच्याचा भरवसा त्याहून कमी, कारण दाण्यांचा आकार वेगळा असला की एकाच चमच्यात वजन वेगळं भरतं. मी असं करते: 5 ग्रॅम इन्स्टंट 45 ग्रॅम कोमट पाण्यात ढवळते. आता या 50 ग्रॅम मिश्रणाच्या दर दहा ग्रॅममध्ये एक ग्रॅम यीस्ट आहे. त्यातलं 33 ग्रॅम पिठात ओतलं की 3.3 ग्रॅम गेलं. त्यासोबत गेलेलं सुमारे 30 ग्रॅम पाणी कृतीच्या पाण्यातून वजा करायचं. ओतण्याच्या क्षणी पुन्हा एकदा ढवळणं मात्र चुकवायचं नाही, यीस्ट तळाशी पटकन बसतं.

हे आकडे जिवंत यीस्टसाठी आहेत. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे राहिलेल्या ताज्या वडीतले जीव कमी होत जातात. चांगली वडी कुस्करताना खळकन तुटते. कडा तपकिरी आणि स्पर्श बुळबुळीत झाला असेल तर तिचे 10 ग्रॅम 10 ग्रॅमचं काम करणार नाहीत. उघडं राहिलेलं सुकं यीस्टही असंच मंदावतं. पाव वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवलं आणि वर फेस धरला नाही, तर प्रमाण वाढवून उपयोग नाही.

जिथे मैद्याच्या दहा टक्क्यांहून जास्त साखर असते, अशा गोड पावात हे गुणोत्तर तेवढं विश्वासार्ह राहत नाही. साखर पेशींतलं पाणी ओढून घेते आणि साधं सुकं यीस्ट तिथे रेंगाळतं. गोड पिठासाठी वेगळं इन्स्टंट मिळतं, ते वापरावं.

पहिल्यांदा यीस्ट बदलाल तेव्हा मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा सरळ उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि त्याच्या पातळीवर रबरबँड चढवा. काकांच्या कृतीत उबदार दिवशी पीठ तास-सव्वा तासात दुप्पट होतं. ग्लासातलं पीठ चाळीस मिनिटांतच दुप्पट उंचीला पोचलं, तर पुढच्या वेळी 3.3 चे अडीच ग्रॅम करा.