विंडेनची सालं: ‘डार्क’ बघताना कुठे आहोत हे कसं ओळखायचं

‘डार्क’ ही मालिका बघायला घेतलेला माणूस साधारण तिसऱ्या-चौथ्या भागात अडखळतो. मुख्य घरं चारच, त्यामुळे तीच ती आडनावं कानावर पडत राहतात. पडद्यावर कधी १९८६ उमटतं, कधी १९५३, आणि मघाशी जंगलात दिसलेला मुलगा नक्की कोणाचा कोण, हे डोक्यात राहत नाही. मग बरेच जण इंटरनेटवर वंशवृक्ष शोधतात. तो सापडतोही, पण त्यात तिसऱ्या सीझनपर्यंतची सगळी नाती उघडी पडलेली असतात. माझा आग्रह असा की वंशवृक्ष शेवटी बघा, आधी सालांचं गणित समजून घ्या. ते दोन अंकी बेरजेइतकं सोपं आहे, आणि एकदा कळलं की नाती आपली आपण जुळत जातात.

आधीच सांगतो, पुढे पहिल्या सीझनमधलं एक मोठं गुपित फोडलेलं आहे. ते पाचव्या भागात उलगडतं, आणि त्याच्याशिवाय मांडणी समजावता येत नाही. पुढच्या सीझनमधल्या काही घडामोडींचे उल्लेखही येतील. मालिकेचा शेवट मात्र इथे नाही.

बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीझं या दोघांनी ही जर्मन मालिका रचली. तीन सीझन, एकूण २६ भाग. विंडेन या काल्पनिक गावात एक गुहा आहे, आणि गुहेतल्या वाटेने गेलं की माणूस ३३ वर्षं मागे किंवा पुढे निघतो. पहिला सीझन २०१९ च्या नोव्हेंबरमधल्या मोजक्या दिवसांत घडतो. त्यातून ३३ वजा करा, १९८६ येतं. आणखी ३३ वजा करा, १९५३. पहिल्या सीझनचा जवळजवळ सगळा पसारा या तीन सालांत मावतो. आता एक कंगवा डोळ्यांसमोर आणा, ज्याचे दात एकमेकांपासून बरोबर ३३ वर्षांवर आहेत. पहिल्या सीझनमध्ये त्याचा एक दात २०१९ वर टेकलेला आहे, म्हणून बाकीचे १९८६ आणि १९५३ वर टेकतात.

हा ३३ चा आकडा लेखकांनी उगाच निवडलेला नाही. मालिकेत त्याचा संबंध चंद्र-सूर्याच्या मेळाशी लावला आहे, आणि ते गणित खरं आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४.४ दिवस, म्हणजे चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा जवळपास अकरा दिवसांनी तोकडं. ही तूट साचत जाते आणि ३३ सौर वर्षांत सुमारे एका चांद्र वर्षाएवढी होते. ३३ सौर वर्षांचे दिवस होतात १२,०५३ आणि ३४ चांद्र वर्षांचे साधारण १२,०४८. फरक चार-पाच दिवसांचा. म्हणजे मेळ बसतो, पण अगदी काटेकोर नाही. त्यावरून काळात बोगदा पडतो ही पुढची उडी कथेची आहे, खगोलशास्त्राची नाही.

आता खरा गोंधळ जिथे होतो तिथे येऊ. २०१९ च्या ४ नोव्हेंबरच्या रात्री मिकेल नील्सन हा अकरा वर्षांचा मुलगा गुहेजवळून नाहीसा होतो. तो बाहेर येतो तेव्हा तारीख असते ५ नोव्हेंबर १९८६. त्याला परत जाता येत नाही. इनेस काह्नवाल्ड नावाची परिचारिका त्याला सांभाळते, तो मिखाएल काह्नवाल्ड म्हणून वाढतो, लग्न करतो, त्याला योनास हा मुलगा होतो. आणि २१ जून २०१९ ला, म्हणजे छोटा मिकेल हरवण्याच्या साडेचार महिने आधी, हा मिखाएल आत्महत्या करतो. मालिकेची सुरुवात याच मृत्यूने होते, पण तेव्हा तो कोण हे आपल्याला ठाऊक नसतं.

कॅलेंडरच्या क्रमाने बघितलं तर हे अशक्य वाटतं. माणूस आधी मरतो आणि मग लहानपणी हरवतो! मिकेलच्या बाजूने बघा, काहीच विचित्र उरत नाही. जन्मला, अकरा वर्षांचा झाला, एका रात्रीत साल बदललं, त्यानंतर साडेबत्तीस वर्षं जगला आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या वयात गेला. त्याचं वय एकदाही मागे सरकलेलं नाही. भौतिकशास्त्रात या दोन घड्याळांना वेगवेगळी नावं आहेत. सगळ्यांसाठी मांडलेल्या तारखा हा एक काळ, आणि एखाद्या प्रवाशाच्या स्वतःच्या घड्याळाने मोजलेला तो त्याचा ‘स्वकाल’. प्रवाशाची अवकाश-काळातली वाट म्हणजे त्याची ‘विश्वरेषा’. गणितज्ञ हेरमान मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये अवकाश आणि काळ एकत्र मांडले तेव्हापासूनची ही भाषा आहे. ‘डार्क’ समजायला त्यातली एवढी एकच गोष्ट पुरते: प्रत्येक प्रसंगाला दोन आकडे द्यायचे, एक साल आणि एक त्या माणसाचं वय. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा दुसरा आकडा सुटल्यामुळे.

वय ओळखायच्या खुणा मालिकेने प्रामाणिकपणे दिल्या आहेत. बहुतेक महत्त्वाच्या पात्रांना प्रत्येक पिढीसाठी वेगळा नट आहे, आणि सारखेपणा जुळवताना चेहऱ्यासोबत शरीरावरच्या जखमाही वापरल्या आहेत. हेल्गं डॉपलरचा कान बघा. १९५३ मधला छोटा हेल्गं सुरुवातीला धडधाकट दिसतो. १९८६ मधल्या प्रौढ हेल्गंचा कान विद्रूप आहे, २०१९ मधल्या म्हाताऱ्याचाही. ती जखम कधी झाली हे आपल्याला १९५३ मध्ये दिसतं, म्हणजे परिणाम आधी बघून झालेला असतो आणि कारण नंतर हाती येतं. काही भागांत पडदा दुभागून एकाच माणसाची दोन वयं शेजारी-शेजारी दाखवली आहेत. तेवढे काही सेकंद मोबाइल बाजूला ठेवा.

आणि मग दुसरा सीझन लागतो. सुरुवातीच्या भागांतच पडद्यावर १९५३ ऐवजी १९५४ दिसतं, १९८६ च्या जागी १९८७, २०१९ च्या जागी २०२०. नव्या प्रेक्षकाला वाटतं, आणखी तीन नवे काळ आले, आता आपल्याच्याने हे झेपणार नाही. खरं तर काहीच वाढलेलं नाही. गावाचा वर्तमानकाळ सात-आठ महिने पुढे सरकून २१ जून २०२० वर आला आहे, म्हणून अख्खा कंगवा तेवढाच पुढे सरकला. दातांमधलं अंतर तेच आहे. १९८६ मध्ये जे चालू होतं तेही मधल्या महिन्यांत थांबलेलं नव्हतं, तिथेही तेवढेच दिवस गेले आहेत. मला या मालिकेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. इथे भूतकाळ आठवणीसारखा एका जागी गोठलेला नाही, तो वर्तमानाच्या वेगानेच पुढे जातो. मिकेलचा शोध घेत निघालेला त्याचा बाप उलरिख पहिल्या सीझनमध्ये १९५३ मध्ये अडकतो. तिथून सुटका न झाल्याने तो एकेक दिवस जगत १९८७ पर्यंत येतो आणि आपल्याला म्हातारा होऊन भेटतो. त्याच वेळी त्याच गावात शाळकरी उलरिखही फिरतो आहे. साल एकच, वयं दोन.

दुसऱ्या सीझनमध्ये कंगव्याचे आणखी दोन दात दिसतात, एका टोकाला १९२१ आणि दुसऱ्या टोकाला २०५३. बेरीज करून बघा: १९२१, १९५४, १९८७, २०२०, २०५३. सगळीकडे ३३. या सीझनचे भाग २७ जून २०२० कडे दिवस मोजत जातात, त्या दिवशी विंडेनवर मोठं संकट येणार आहे. निर्मात्यांनी प्रदर्शनाच्या तारखाही यात ओवल्या. दुसरा सीझन २१ जून २०१९ ला आला, म्हणजे मिखाएलच्या मृत्यूच्या दिवशी, आणि तिसरा बरोबर २७ जून २०२० ला.

नियम जिथे मोडतो ती जागा मात्र ओळखता यायला हवी. दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात योनास १९२१ मधून २०१९ च्या जूनमध्ये येतो. वजाबाकी केली तर ९८ वर्षं. ३३ च्या पाढ्यात ९९ आहे, ९८ नाही. म्हणजे ही उडी गुहेतून मारलेली असूच शकत नाही, वेगळं साधन वापरलेलं असणार, आणि तसंच आहे. उत्तर ३३ च्या पटीत आलं नाही की साधन कोणतं हे विचारायचं. ही सवय तिसऱ्या सीझनमध्ये फार उपयोगी पडते.

काही जण सगळे प्रसंग कापून सालवार लावायचा प्रयत्न करतात. त्यात एका मर्यादेपलीकडे यश येत नाही, आणि त्याचं कारण पक्कं आहे. प्रसंग कागदावर मांडा आणि कारणाकडून परिणामाकडे बाण काढा. कुठलाही बाण फिरून मूळ जागी येत नसेल, तर सगळ्या प्रसंगांना ‘आधी हे, मग ते’ अशा एका रांगेत बसवता येतं. एक जरी वर्तुळ पूर्ण झालं तरी अशी रांग लागत नाही, हे गणितात सिद्ध करता येतं. ‘डार्क’मध्ये वर्तुळ आहेच. मिकेल मागे गेला म्हणून योनास जन्मला, आणि योनास जे करतो त्याचे बाण पुन्हा मिकेलच्या रात्रीकडे वळतात. त्यात पहिला प्रसंग कोणता, हा प्रश्नच लागू पडत नाही. गणितज्ञ कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ मध्ये दाखवलं होतं की आइन्स्टाइनच्या समीकरणांना अशा बंद वाटा असलेली उत्तरंही असू शकतात. आपलं विश्व तसं असल्याचा पुरावा नाही, पण समीकरणं मनाई करत नाहीत. सालवार लावलेली ‘डार्क’ म्हणूनच फसते. सीझनचा क्रम प्रेक्षकाला काय कधी कळावं यावर बेतलेला आहे, आणि तोच क्रम पाळायचा.

तिसऱ्या सीझनमध्ये सालांच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: कुठल्या जगातलं साल? सुरुवात परत ४ नोव्हेंबर २०१९ ने होते, पण हे विंडेन वेगळं आहे. इथे योनास जन्मलेलाच नाही, आणि ओळखीची माणसं वेगळ्याच घरांत नांदताना दिसतात. जग ओळखायला मिकेलची बहीण मार्था उपयोगी पडते, या दुसऱ्या जगातल्या मार्थाच्या कपाळावर कापलेल्या केसांची झालर आहे. दरम्यान पहिल्या जगातली काही माणसं १८८८ मध्ये जाऊन पडलेली असतात. तेही साल अचानक आलेलं नाही, १९२१ मधून ३३ वजा करा. म्हणजे त्यांनी दुसऱ्या सीझनचाच कंगवा धरलेला आहे, आणखी एका दाताने मागे.

या सीझनचा सातवा भाग मात्र निवांत वेळ काढून बघा. आतापर्यंत आपण एका दातावरून दुसऱ्या दातावर उड्या मारत होतो. या भागात मधली, कधीच न दाखवलेली वर्षं एकामागून एक येतात आणि कोण कुठल्या वयात कुठे होता, याच्या मोकळ्या जागा भरत जातात. साल उमटलं की थांबवा, समोरच्या माणसाचं वय मोजा, आणि तो तिथवर उडी मारून आला की जगत आला, एवढं ठरवून मग पुढे जा.