काटा, फळा आणि एका गोष्टीचे दोन शेवट

ओलावा मोजायचं यंत्र कार्यालयातल्या कपाटात होतं. वरच्या खणात, जुन्या निवडणुकीच्या कागदांच्या गठ्ठ्यामागे. यंत्र चांगलं होतं, आधीच्या व्यवस्थापकांनी दोन हंगामांपूर्वी घेतलेलं. "वापरत का नाही?" असं विचारलं तर लेखनिक म्हणाले, "सेल संपले." सेल गावातल्या कोणत्याही दुकानात मिळतात. म्हणजे कारण दुसरं काही असणार, आणि ते शोधायलाच मला बोलावलं होतं.

यवतमाळच्या बाजूची ही सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्था, कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी. तिचं नाव इथे सांगत नाही. सलग काही वर्षं तोटा होता. संचालक मंडळाने ठरवलं होतं की कर्ज काढून नवीन डबल रोलर जिन बसवायचे. कर्जाच्या अर्जाआधी संस्थेची प्रकृती तपासावी म्हणून मी तिथे काही आठवडे राहिलो. हिशेबाच्या वह्या एका आठवड्यात वाचून झाल्या. बाकीचा वेळ मी माणसं काय सांगतात, कशापुढे हात जोडतात, कोणाला विचारून वागतात आणि दिवसभर नेमकं काय करतात, हे बघण्यात घालवला.

या पद्धतीला शास्त्रीय आधार आहे. ब्रिटनमधले व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक गेरी जॉन्सन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस संस्थेच्या संस्कृतीचं एक जाळं मांडलं. कथा, प्रतीकं, सत्तेची रचना, संघटनेचा आराखडा, नियंत्रणाच्या पद्धती, विधी आणि दिनक्रम हे त्याचे धागे. मधोमध असतं एक गृहीतक, म्हणजे 'आपण कोण आणि आपलं चालतं कशावर' याबद्दल सगळ्यांनी न बोलता मान्य केलेलं उत्तर. हे गृहीतक कोणाला विचारून कळत नाही, कारण ते असल्याचं सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून धागे ओढत आत जायचं.

आधी कथा. "तुमची संस्कृती कशी आहे" असा प्रश्न विचारला की लोक पाटीवरची वाक्यं म्हणून दाखवतात. मी विचारायचो, "उद्या नवीन पोरगा कामाला लागला तर त्याला इथली कोणती गोष्ट सांगाल?" बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वीच्या एका ओल्या हंगामात तेव्हाच्या अध्यक्षांनी फाटकावरून कापसाची एक ओली गाडी परत पाठवली. कार्यालयात ती गोष्ट अशी संपायची: त्या गावाने राग धरला आणि पुढच्या निवडणुकीत अध्यक्षांचं पॅनल पडलं. लेखनिकांनी असंच सांगितलं, रोखपालांनीही, दोन संचालकांनीही.

जिनच्या शेडमधल्या म्हाताऱ्या फिटरने मात्र वेगळा शेवट सांगितला. रोलरवरचं चामडं घासता घासता ते म्हणाले, "ते गाडी त्याईच्या साळ्याची होती, माहीत हाय का? साळ्यानं तिसऱ्या दिवशी वाळवून आनली. अध्यक्षानं सोता उभं राहून उतरवून घेतली." शेडमधल्या आणखी दोघांनी हाच शेवट सांगितला. शेडमध्ये निवडणुकीचा उल्लेख नाही, कार्यालयात साळ्याचा नाही.

एकच गोष्ट दोन गटांत दोन शेवटांनी चालत असेल तर खरं कोणतं हे ठरवत बसू नये. कोणत्या शेवटाप्रमाणे लोक वागतात ते बघावं. यंत्र कपाटात होतं, म्हणजे राज्य कार्यालयातल्या शेवटाचं होतं: ओल्याला ओलं म्हणाल तर पद जाईल.

हा धडा कापूस संस्थेला किती महाग पडतो, ते आकड्यात बघू. भारतीय कपास निगम आठ टक्के ओलावा प्रमाण धरतं आणि बारा टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही. आठ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये ९२ किलो कोरडा माल असतो, चौदा टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८६ किलो. भाव सात हजार धरला तर चौदा टक्क्यांच्या कापसाची रास्त किंमत साडेसहा हजारांच्या थोडी वर येते. तरीही भाव पूर्ण दिला तर क्विंटलमागे साधारण साडेचारशे रुपये पाण्याला जातात. दिवसाला तीनशे क्विंटल खरेदी आणि त्यातला एक तृतीयांश असा ओला, तर रोज पंचेचाळीस हजार रुपये. शिवाय ओला कापूस रोलरला चिकटतो, रुई सरकीपासून नीट सुटत नाही, गंजी आतून तापते आणि रुई पिवळी पडते. तोट्याचं खापर जुन्या जिनवर फुटत होतं. नवीन जिन आले असते तरी हाच कापूस त्यांच्यात गेला असता.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास येते, तेव्हा बोंडात दव असतं आणि घरात पैसा नसतो. वाळवायला जागा आणि चार दिवसांची उसंत दोन्ही लागतात. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो ओलाच आणणार.

प्रतीकं बघताना मी कोणाला काही विचारत नाही, नुसता फिरतो. फाटकातून आत शिरलं की समोर काळा फळा, त्यावर रोज खडूने एकच आकडा: आज बांधलेल्या गाठी. रुईचा उतारा, म्हणजे एका क्विंटल कापसातून किती किलो रुई निघाली, हा आकडा फक्त आतल्या वहीत. चांगल्या कापसाला तो तेहेतीस ते पस्तीसच्या आसपास असायला हवा. काट्याला झेंडूचा हार होता. हंगामाच्या मुहूर्ताला काटापूजन होतं आणि पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याला शेला-श्रीफळ देतात. तो मान सगळ्यांत आधी येणाऱ्याला मिळतो, कापूस वाळलेला असो की नसो.

गाठींची ही पूजा आली कुठून? १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा. त्या काळात अशा संस्था ही खरेदी करणाऱ्या राज्याच्या पणन महासंघाचा कापूस पिंजून देत आणि त्यांना पिंजणावळ मिळे. कापूस सरकारच्या पैशाचा, उतारा घटला तर तोटाही दुसऱ्याचा. जास्त कापूस, जास्त गाठी, जास्त उत्पन्न, हे तेव्हा अगदी बरोबर होतं. पुढे एकाधिकार मोडला आणि संस्था स्वतःच्या पैशाने कापूस घेऊ लागली. आता प्रत्येक किलो पाण्याचे पैसे तिच्या खिशातून जात होते, पण फळ्यावरचा आकडा तोच राहिला. 'कापूस लोकांचा, आपण फक्त बांधतो' हे गृहीतक ज्या काळात जन्मलं तो काळ गेला, ते मात्र मागे राहिलं.

सत्तेचा नकाशा काढताना भिंतीवरचा तक्ता उपयोगाचा नसतो. अलीकडच्या पाच भांडणांचा माग काढावा: वाद कशावरून झाला, पहिला फोन कोणी कोणाला केला, शेवटी कोणाचं चाललं. कागदावर प्रतवारीचा निर्णय ग्रेडरचा होता. पण ग्रेडरची नेमणूक एका हंगामाची. ती दरवर्षी सप्टेंबरात मंडळ नव्याने करायचं आणि मंडळातले लोक त्याच गावांचे, जिथून कापूस येतो. पाचपैकी चार वादांत पहिला फोन एका संचालकाला गेला होता. पाचव्यात हमालांच्या मुकादमाने गाडी रांगेत पुढे घेऊन प्रश्नच मिटवला होता. एका हमालाने मला दोन वाक्यांत सगळं सांगितलं: "काट्यावर कापूस नाई मोजत भाऊ. मानूस मोजते."

दिनक्रमासाठी मी एक दिवस पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत फाटकावर बसलो. ग्रेडर मूठभर कापूस उचलायचा, दाबायचा, एकदा गाडीवानाच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि प्रत सांगायचा. त्याच्या हाताला ओलावा कळत होता. खात्री करायला मी कपाटातलं यंत्र घेऊन काही गाड्या परत मोजल्या. स्वतःशी पुटपुटलेले त्याचे अंदाज जवळजवळ बरोबर निघाले, पावतीवरची प्रत नाही. माणसाला प्रशिक्षणाची गरज नाही, हे त्या दुपारी नक्की झालं.

इथवर जे जमतं ते सगळं पटण्यासारखं असतं, आणि धोका तिथेच असतो. आपण सोयीच्या गोष्टी वेचून हवं ते जाळं विणू शकतो. बाहेरून आलेल्या माणसासमोर लोक नाटकही करतात. म्हणून गृहीतक लिहून झालं की त्यावरून आधीच एखादं भाकीत करून ठेवायचं, जे चुकू शकेल. मी वहीत लिहिलं: यंत्र नुसतं ग्रेडरच्या हाती दिलं तर पंधरा दिवसांत ते परत कपाटात जाईल. ते टिकलं असतं तर माझी सत्तेबद्दलची मांडणी चुकीची ठरली असती. नवीन सेल घालून यंत्र दिलं. नवव्या दिवशी ते कपाटात होतं.

त्यानंतरचे बदल कमी खर्चाचे होते, पण मंडळात त्यांच्यावर तीन बैठका गेल्या. यंत्र फाटकाबाहेर कडुनिंबाखालच्या टेबलावर आलं. आकडा आधी शेतकऱ्याला दाखवायचा, मग गाडी आत. नकार द्यायचाच नाही. कोरड्या मालाप्रमाणे भाव किती, याचा तक्ता शेजारी टांगला. ज्याला तो भाव नको त्याला आवारातलं सिमेंटचं पटांगण वाळवायला मोकळं. फिटरच्या गोष्टीतल्या साळ्याला जे मिळालं तेच प्रत्येकाला मिळावं, एवढीच कल्पना. ग्रेडरची नेमणूक तीन वर्षांची झाली. फळ्यावर गाठींच्या वर रुईचा उतारा लिहायला लागले. मुहूर्ताचं शेला-श्रीफळ आठ टक्क्यांच्या आतल्या पहिल्या गाडीला ठरलं. नव्या जिनचा कर्जाचा अर्ज मंडळाने एक हंगाम पुढे ढकलला.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. ओल्या गाड्या थेट खाजगी व्यापाऱ्याकडे वळल्या, आवक घटली आणि एका संचालकाने मला फोनवर निवडणुकीची तीच जुनी गोष्ट पुन्हा ऐकवली. मग पटांगणावर कापूस पसरलेला दिसू लागला. हंगामअखेर उतारा वाढला. त्यातला किती वाटा यंत्राचा आणि किती त्या वर्षीच्या कोरड्या हवेचा, हे एका हंगामावरून वेगळं काढता येत नाही, तसं मी अहवालात लिहिलं.

अहवाल देण्याआधी टेबलावरची नोंदवही चाळली. दिवसाचे आकडे जसे असायला हवेत तसे विखुरलेले होते: साडेसात, अकरा, चौदा, नऊ. रात्री नऊनंतर आलेल्या गाड्यांसमोर मात्र पानोपानी एकच आकडा होता, बारा. शेतातून आलेला कापूस असा एकसारखा ओला कधी नसतो. पुढच्या हंगामात मी रात्रीच्या पाळीला फाटकावर बसणार आहे.