‘झैद सोडून’ आणि ‘फक्त झैद’: अरबी ‘इल्ला’ची दोन वाक्ये इंग्रजीत नेताना

अरबीत ‘इल्ला’ हा शब्द दिसला की इंग्रजीत ‘एक्सेप्ट’ लिहून मोकळे होण्याची सवय विद्यार्थ्यांना लवकर लागते, कारण पाठ्यपुस्तकांत ‘इल्ला’ची पहिली ओळख अपवादाच्या प्रकरणात होते. परंतु नकारासह येणारा ‘इल्ला’ पुष्कळदा अपवाद सांगत नाही, तर मर्यादा घालतो, आणि तेथे इंग्रजीला ‘ओन्ली’ हवे असते.

‘जाअत्‌ तुल्लाबु इल्ला झैदन’ या वाक्यात ‘इल्ला’च्या आधीचा भाग पूर्ण आहे: विद्यार्थी आले. त्या समूहातून झैदला वगळले आहे, म्हणून ‘ऑल द स्टुडंट्स केम एक्सेप्ट झैद’ हे भाषांतर योग्य आहे. झैद आला नाही. आता ‘मा जाअ इल्ला झैदुन’ पाहा. येथे ‘मा जाअ’ म्हणजे ‘आला नाही’, पण कोण आला नाही ते सांगितलेलेच नाही. कर्त्याची जागा रिकामी ठेवली आहे आणि ती ‘इल्ला’नंतरचा झैद भरतो. म्हणूनच अरबी व्याकरणकार या रचनेला ‘मुफर्रग’, म्हणजे रिकामी केलेली, असे म्हणतात. झैद आला, आणि तोच एकटा आला: ‘ओन्ली झैद केम’. शब्दाला शब्द ठेवून ‘डिड नॉट कम एक्सेप्ट झैद’ असे लिहिले, तर इंग्रजी वाक्याला कर्ताच उरत नाही.

दोन्ही वाक्ये ओळखण्याची खूण शब्दाच्या शेवटी आहे. पहिल्यात ‘झैदन’ हे अपवादाचे रूप आहे, तर दुसऱ्यात ‘झैदुन’ हे कर्त्याचे. मात्र छापील अरबीत स्वरचिन्हे बहुधा नसतात, म्हणून दुसरी कसोटी अधिक उपयोगी पडते: नकार आणि ‘इल्ला’ दोन्ही काढून टाकावेत. ‘जाअ झैदुन’ हे धडधाकट वाक्य उरले, म्हणजे मूळ वाक्य मर्यादेचे होते. ‘मा जाअ अहदुन इल्ला झैदुन’ यात ‘अहद’, म्हणजे ‘कोणी’, हा शब्द स्पष्ट आहे, म्हणून ते रचनेने अपवादाचे वाक्य ठरते आणि ‘नो वन केम एक्सेप्ट झैद’ तेथे शोभते, जरी घडलेली गोष्ट तीच असली तरी.

‘ओन्ली’ ठरले तरी ते कोठे ठेवायचे हा खरा कठीण भाग आहे. नियम असा, की ‘ओन्ली’चा भार ‘इल्ला’नंतरच्या शब्दावर पडतो. ‘मा कतब झैदुन इल्ला रिसालतन’ म्हणजे झैदने पत्रच लिहिले, दुसरे काही नाही: ‘झैद रोट ओन्ली अ लेटर’. ‘मा कतबर्‌ रिसालत इल्ला झैदुन’ म्हणजे पत्र झैदनेच लिहिले: ‘ओन्ली झैद रोट द लेटर’. मराठी वाचकाने आधी मराठीत ‘च’ कोणत्या शब्दाला लागतो ते पाहावे. इंग्रजीतील जागा त्यावरून सापडते. ‘झैद ओन्ली रोट अ लेटर’ असे लिहिल्यास त्याने फक्त लिहिले, पाठवले नाही, असाही अर्थ निघू शकतो. बोलताना आवाजाचा जोर तो संशय दूर करतो, कागदावर मात्र संशय तसाच राहतो.

या नियमाचे महत्त्व कुराणातील तिसऱ्या सूरेच्या 144व्या आयतीत दिसते: ‘वमा मुहम्मदुन इल्ला रसूलुन’. ‘इल्ला’नंतर ‘रसूल’ आहे, म्हणून ‘मुहम्मद इज ओन्ली अ मेसेंजर’. ‘ओन्ली मुहम्मद इज अ मेसेंजर’ असे केले, तर लगेच पुढे येणाऱ्या ‘कद खलत मिन कब्लिहिर्‌ रुसुल’, म्हणजे त्यांच्यापूर्वीही प्रेषित होऊन गेले, या वाक्याशीच ते विसंगत ठरते. परंपरेनुसार 625 मधील उहुदच्या लढाईत पैगंबर मारले गेल्याची अफवा पसरून काहींचा धीर खचला, त्या संदर्भात ही आयत आली. म्हणजे येथे नाकारली आहे ती त्यांच्या अमरत्वाची कल्पना. त्यांचे इतर गुण नाकारलेले नाहीत. म्हणून ‘मिअरली अ मेसेंजर’ मला चुकीचे वाटते: ‘मिअरली’ तुच्छतेचा सूर आणते, आणि तो सूर अरबीत नाही.

मर्यादेच्या वाक्यात कधी तर स्तुतीच असते. बाराव्या सूरेत यूसुफला पाहून स्त्रिया म्हणतात, ‘इन्‌ हाझा इल्ला मलकुन करीम’. हा ‘इन्‌’ ‘जर’ या अर्थाच्या ‘इन्‌’सारखा दिसतो, पण त्याच उपवाक्यात पुढे ‘इल्ला’ आला आहे आणि ‘तर’चा भाग कोठेच नाही, म्हणून तो नकाराचा आहे. येथे ‘धिस इज ओन्ली अ नोबल एंजल’ असे लिहिल्यास देवदूत किरकोळ ठरतो. ‘धिस इज नथिंग लेस दॅन अ नोबल एंजल’ हे मर्यादा राखते आणि स्त्रियांचे आश्चर्यही पोचवते.