मोड (सराफी व्यवहार)

मोड : वापरलेला सोन्याचा वा चांदीचा दागिना सराफाला विकून रोख रक्कम घेण्याचा, किंवा त्याच्या बदल्यात नवा दागिना घेण्याचा व्यवहार. विकायला आणलेल्या जुन्या सोन्यालाही मोड किंवा मोडीचे सोने म्हणतात, आणि त्याला मिळणाऱ्या दराला मोडभाव. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, जळगावची सराफपेठ या व्यवहाराचे मुख्य ठिकाण आहे. मूल्यांकनाच्या दाखल्यावरील रक्कम आणि मोड करताना हाती पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. त्या अंतराची फोड हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

शब्द : ‘दागिना मोडणे’ याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक अर्थ शब्दशः तोडण्याचा : खडे काढून, सांधे कापून दागिना आटणीला टाकणे. दुसरा ‘नोट मोडणे’, ‘सुटी मोड’ या प्रयोगांतला, म्हणजे मोठ्या नोटेचे किंवा नाण्याचे सुट्या पैशांत रूपांतर करणे. दोन्ही छटा व्यवहारात मिसळल्या आहेत. तरी पहिला अर्थ मूळचा असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण मोडभावाचा सगळा हिशेब दागिना आता दागिना राहणार नाही, या गृहीतावरच उभा असतो.

शुद्धतेच्या परिभाषेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. मराठीत शंभर नंबरी सोन्याला ‘बावनकशी’ म्हणतात. या शब्दाची एक उपपत्ती अशी की कसोटीवर बावन वेळा घासूनही उतरणारे ते बावनकशी. दुसरी अशी की बावन हा शुद्धता मोजण्याच्या श्रेणीचा सर्वोच्च अंश असावा. दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य दिसते, कारण भारतात अशा श्रेणी अन्यत्रही आढळतात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात (या ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही; सामान्यतः इ. स. पू. चौथे ते इ. स. तिसरे शतक अशी मर्यादा सांगितली जाते) सोन्याचे सोळा वर्ण गृहीत धरले आहेत. तांबे जसजसे वाढेल तसतसा एकेक वर्ण उतरतो. कसोटीवर रेघ ओढताना कशी लबाडी करतात, याचेही वर्णन तेथे आहे. आईन-इ-अकबरीत चोख सोन्याला ‘बाराबानी’ म्हटले आहे. त्याच ग्रंथात अशी नोंद आहे की अलाउद्दीनाचा दिनार बारा बानीचा समजला जाई, पण पुन्हा पारखल्यावर तो साडेदहा बानीचा निघाला. आणि दक्षिणेत चालणारा, दहा बानीचा समजला जाणारा होन साडेआठाचा ठरला. खानदेश १६०१ मध्ये मोगलांकडे गेला, तेव्हा हा होन येथील बाजारातही फिरत असावा. मोडीच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. समजलेली शुद्धता आणि आटणीनंतर निघालेली शुद्धता यांतली तफावत आजही मोडभाव उतरण्याचे एक कारण आहे.

आज सराफ पेठेत कसाऐवजी ‘टंच’ हा शब्द अधिक चालतो. टंच म्हणजे शंभर भागांतील शुद्ध सोने. २२ कॅरटचा टंच ९१.६, १८ कॅरटचा ७५.

मूल्यांकनाचे प्रकार : ‘मूल्यांकन’ या एका शब्दाखाली निरनिराळे आकडे येतात आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. विम्यासाठीचे मूल्यांकन पुनःखरेदीचे असते : दागिना हरवला तर तसाच नवा दुकानातून घ्यायला किती लागतील. त्यात घडणावळ, खडे आणि कर हे सगळे येते. सोनेतारण कर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकार फक्त सोन्याचे निव्वळ वजन धरतो. खडे, लाख, दोरा तो वजा करतो, आणि त्या किमतीच्या काही टक्केच कर्ज मिळते. सराफ जो आकडा सांगतो तो तिसरा : हे सोने आटवून, शुद्ध करून विकल्यावर जे येईल, त्यातून खर्च व नफा वजा जाता उरणारी रक्कम. यांपैकी ‘खरी किंमत’ कोणती, हा वाद निष्फळ आहे. वाटणीच्या वेळी मात्र भावंडांपैकी एकाला दागिना आणि दुसऱ्याला रोख रक्कम द्यायची असेल, तर विम्याचा आकडा वापरल्याने दागिना घेणाऱ्यावर अन्याय होतो. पुढे तो दागिना विकायला गेला तर तेवढे पैसे त्याला कोठेच मिळणार नाहीत.

उदाहरण : हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला १,००,००० रुपये धरू. तेव्हा २२ कॅरटचा भाव ९१,६०० होतो. कुंदनकाम केलेला एक हार एकूण ४० ग्रॅम भरतो. दाखल्यावर खडे व लाख मिळून ४ ग्रॅम आणि सोने ३६ ग्रॅम लिहिले आहे. सोन्याचे ३,२९,७६० रुपये, त्यावर १५ टक्के घडणावळ ४९,४६४, खड्यांचे १२,००० आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी ११,७३७, मिळून ४,०२,९६१. विम्याच्या दाखल्यावर साधारण हाच आकडा येईल.

आता हार मोडीला येतो. खडे उपसल्यावर खडे, लाख आणि आत साचलेला मळ मिळून ४.६ ग्रॅम भरतात. नवा असताना केलेला ४ ग्रॅमचा अंदाज कमी होता. उरलेले ३५.४ ग्रॅम टाकणखार घालून मुशीत आटवले की ३५.१ ग्रॅमची लगड निघते. डाखातले हलके धातू जळतात, थोडा भाग मुशीला लागतो. लगडीचा टंच ९०.२ येतो. कारण हाराच्या पत्र्याचे सोने २२ कॅरटचे असले तरी सांधे जोडणारा डाख त्याहून हलका असतो, आणि कड्या, साखळ्या जितक्या जास्त तितका डाखही जास्त. शुद्ध सोने ३१.६६ ग्रॅम, त्याची किंमत ३,१६,६०२. त्यातून सराफ शुद्धीकरण व नफा यांपोटी २ टक्के, म्हणजे ६,३३२ कापतो. हाती ३,१०,२७० येतात.

दाखल्याहून ही रक्कम ९२,६९१ रुपयांनी, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी कमी आहे. विकणाऱ्याला वाटते की एवढे सराफाने खाल्ले. फोड केली तर वेगळे दिसते. घडणावळ, खडे आणि कर मिळून ७३,२०१ रुपये आटणीत संपले. कारागिराची मजुरी त्याला केव्हाच मिळून गेली, कर सरकारजमा झाला. बारीक कुंदनी खड्यांना पुन्हा गिऱ्हाईक नसल्याने सराफ बहुधा ते पुडीत बांधून परत देतो. वजन व टंच यांतील घट १३,१५८ रुपयांची. सराफाचा वाटा ६,३३२, म्हणजे अंतराच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढा. साध्या पाटल्या किंवा वेढणी यांत घडणावळ कमी, खडे नाहीत, डाख जवळजवळ नाही. त्यामुळे तेथे हे अंतर बरेच लहान असते. पूर्वीच्या बायका पाटल्यांना ‘अडीनडीचे सोने’ म्हणत आणि हाराला तसे म्हणत नसत, त्यामागे हाच हिशेब असावा.

सराफाचा वाटा : जुना दागिना पॉलिश करून तसाच विकावा, असे अनेकांना सुचते. पण दुसऱ्याच्या घरचा दागिना, विशेषतः पोत किंवा मंगळसूत्र, लग्नाच्या खरेदीत कोणी घेत नाही, आणि नक्षीची चालही बदललेली असते. त्यामुळे आटणी हाच मार्ग उरतो. चोपडा, अमळनेर किंवा शहाद्याचा लहान सराफ शुद्धीकरण स्वतः करीत नाही. साचलेल्या लगडी तो जळगावला पाठवतो. खरेदीपासून पैसे परत येईपर्यंत त्याचे भांडवल अडकते आणि मधल्या दिवसांत भाव घसरला तर तोटा त्याचा. माल दोन हातांतून जात असल्याने कपातही दोनदा होते. तालुक्यात ३ टक्के आणि जळगावात २ टक्के असा फरक त्यामुळे दिसू शकतो. माल चोरीचा निघाला तर पोलीस तो जप्त करतात. म्हणून जुनी पावती आणि ओळखपत्र मागणारा सराफ विकणाऱ्याचा अपमान करीत नसतो.

गैरव्यवहार व त्याची ओळख : सर्वांत जास्त नुकसान ‘दुहेरी घट’ या प्रकारात होते. सराफ ३६ ग्रॅमवर १० टक्के घट धरतो, ३२.४ ग्रॅम उरवतो आणि त्याला २२ कॅरटचा भाव लावतो. रक्कम होते २,९६,७८४. येथे अशुद्धतेची वजावट दोनदा झाली : एकदा वजनात, एकदा भावात. घट वजनातून काढली असेल तर भाव शुद्ध सोन्याचा हवा, आणि भाव २२ कॅरटचा असेल तर वजनातून फक्त खडे, लाख व आटणीची तूट जावी. धरलेले वजन आणि लावलेला भाव यांचा गुणाकार मागून घेणे, एवढे एक जमले तरी हा प्रकार उघडा पडतो.

टंच कसा काढला, हेही पाहावे लागते. क्ष-किरण यंत्र दागिना न तोडता आकडा देते, पण ते पृष्ठभागाचा काही मायक्रॉनांचा थरच वाचते. पूर्वी उजाळा देताना वरच्या थरातले तांबे आम्लाने काढीत; अशा दागिन्यावर यंत्र वास्तवाहून जास्त टंच दाखवते, आणि डाखावर नेम धरला तर कमी. म्हणून लगडीचा टंच अधिक विश्वसनीय. त्याहून अचूक अग्निपरीक्षा : नमुन्यात शिसे व चांदी मिसळून हलके धातू जाळायचे, मग नत्राम्लात चांदी विरघळवून उरलेले सोने तोलायचे. आटणी समोर व्हावी, आधीचे आणि नंतरचे वजन लिहून घ्यावे. भाव पटला नाही तर लगड परत घेऊन दुसरीकडे जाता येते. मात्र मोडलेला हार परत जुळत नाही, म्हणून कपात किती ते आटणीआधी ठरवावे.

हॉलमार्कमुळे टंचाचा वाद बराच कमी झाला आहे. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाविना हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्याआधीच्या दागिन्यांबाबत सावधगिरी लागते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरटहून शुद्ध दागिने घडवण्यावर बंदी आली होती. ते बंधन पुढे सैल झाले आणि नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पण त्या काळातला दागिना घरात ‘चोख’ म्हणून सांगितला जात असला, तरी टंच ५८ च्या आसपास निघू शकतो.

बदला : रोख न घेता नवा दागिना घेतल्यास बरेच सराफ कपात माफ करतात. नव्या दागिन्याच्या घडणावळीत ती रक्कम भरून निघते, म्हणून हे त्यांना परवडते. तुलना करताना जुन्याचा भाव व नव्याची घडणावळ एकत्र पाहावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कापसाच्या पैशातून केलेली खरेदी दुसऱ्याच वर्षी मिरगाच्या पेरणीला मोडायची वेळ आली, तर भाव स्थिर असतानाही घडणावळ आणि कर मिळून १८ टक्क्यांवर खर्च वाया गेलेला असतो. पेरणीच्या दिवसांत मोड वाढते, पण त्याने भाव पडत नाही. तो जागतिक बाजारात ठरतो. फार तर लहान गावातल्या सराफाकडे रोकड अपुरी पडते.

चांदी : सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजात सोन्यापेक्षा चांदीचे जड दागिने अधिक. चांदीत मजुरीचे प्रमाण किमतीच्या मानाने मोठे असते आणि जुन्या दागिन्यांत भेसळही जास्त आढळते, त्यामुळे मोडीतील कपातीची टक्केवारी सोन्याहून चढी राहते. पोकळ कड्यांत भरलेली राळ किंवा लाख वजनात मोजली गेली आहे का, हे कडे कापल्यावरच कळते.