नेट टच आणि मध्यरेषेचे उल्लंघन (व्हॉलीबॉल)

व्हॉलीबॉलमध्ये खेळाडूने चेंडू खेळण्याच्या क्रियेत दोन अँटेनांमधल्या, म्हणजे बाजूच्या रेषांवर जाळीला उभ्या बांधलेल्या काठ्यांमधल्या, नेटला स्पर्श करणे, आणि नेटखालून प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला नियमबाह्य रीतीने जाणे, असे हे दोन दोष आहेत. मैदानावर पहिल्याला ‘नेट टच’ किंवा नुसते ‘नेट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘लाईन’ किंवा ‘पाय गेला’. दोन्हींत शिक्षा एकच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गुण आणि सर्व्हिस. कुस्ती आणि फुटबॉलच्या कोल्हापुरात व्हॉलीबॉल थोडा मागच्या बाकावर बसला असला, तरी शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत आणि गावोगावच्या मंडळांच्या सामन्यांत वादाची सर्वांत मोठी जागा हीच असते. ‘पाय गेला, पाय गेला’ असा ओरडा झाला की निम्मे प्रेक्षक मध्यरेषेकडे धावतात. मात्र ज्या पायावरून ओरडा होतो, तो पाय बऱ्याचदा नियमात बसणारा असतो.

मध्यरेषा ५ सेंटिमीटर रुंद असते आणि ती दोन्ही संघांची मानली जाते. त्यामुळे तिच्यावर पाय पडला तर प्रश्नच नाही. तिच्या पलीकडे पाय टेकला तरी चालतो. मुख्य अट अशी की त्याच पावलाचा काही भाग रेषेला टेकलेला किंवा रेषेच्या थेट वर असला पाहिजे. ‘थेट वर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्मॅश मारून खेळाडू चवड्यांवर उतरतो तेव्हा टाच हवेत असते. चवडा पूर्णपणे पलीकडच्या मातीत असला, पण उचललेली टाच रेषेच्या वर असली, तर तो दोष नाही. संपूर्ण पाऊल रेषा ओलांडून पलीकडच्या कोर्टात टेकले, तर मात्र दोष होतो, मग जवळपास प्रतिस्पर्धी असो वा नसो. आख्खे पाऊल पलीकडे टेकल्यावर पंचाला ‘अडथळा झाला का’ हे तपासत बसावे लागत नाही. प्रत्येक पाऊल वेगळे मोजले जाते, म्हणजे डावे रेषेवर असले म्हणून उजव्याला सूट मिळत नाही.

यातून एक गंमत निघते. समजा, खेळाडूचा बूट २८ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद आहे. तो नेटकडे तोंड करून सरळ उतरला, तर बुटाचे टोक रेषेच्या पलीकडे २५ सेंटिमीटर गेले तरी टाच रेषेवरच राहते. तोच खेळाडू अंग वळवून, पाऊल रेषेला समांतर ठेवून उतरला, तर अकरा-बारा सेंटिमीटरमध्येच आख्खे पाऊल पलीकडे गेलेले असते. म्हणून कमी आत गेलेला पाय दोषी आणि जास्त आत गेलेला निर्दोष, असे निकाल एकाच सामन्यात लागू शकतात. पंच पक्षपाती आहे म्हणून आरडाओरडा होतो तो नेमका अशा वेळी.

पावलाच्या वरच्या शरीराला वेगळा न्याय आहे. गुडघा, हात, कोपर, पाठ, पलीकडच्या कोर्टाला काहीही लागले तरी चालते, फक्त प्रतिस्पर्ध्याच्या खेळात अडथळा येता कामा नये. २००९ पूर्वी हे इतके सैल नव्हते. तेव्हा हाताला पावलासारखीच रेषेची अट होती आणि शरीराचा इतर कोणताही भाग पलीकडे टेकला की दोष ठरत असे. जुने खेळाडू आजही गुडघा टेकला की हात वर करून अपील करतात, ते त्या काळच्या सवयीने. नेटखालच्या हवेतल्या जागेलाही हाच अडथळ्याचा नियम आहे. हवेत गेलेला पाय जमिनीला न टेकता मागे आला आणि कोणाला अडथळा झाला नाही, तर खेळ चालू राहतो.

अडथळा म्हणजे काय, हा या विषयातला खरा अवघड भाग. नुसता स्पर्श म्हणजे अडथळा नव्हे. स्मॅशर उतरताना त्याच्या बुटाचे टोक रेषेपलीकडे जाऊन ब्लॉकरच्या पावलाला घासले आणि ब्लॉकर सहज वळून पुढच्या चेंडूला गेला, तर पंच शिट्टी मारणार नाही. पण तोच बूट ब्लॉकरच्या पावलावर बसला, त्याला पाय उचलता आला नाही आणि चेंडू त्याच्याच मागे टपकत होता, तर स्मॅशरची टाच रेषेवर असूनही दोष होतो. म्हणजे पावलाची अट पाळली तरी अडथळ्याची अट सुटत नाही. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. नेटखालून घसरत आलेल्या खेळाडूमुळे समोरच्याला धाव आखडती घ्यावी लागली, तर तोही अडथळाच. नेटजवळ उतरताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळणे ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे, म्हणून चांगला पंच इथे हात आखडता घेत नाही.

एक प्रसंग घेऊन पाहू. चौथ्या जागेवरच्या, म्हणजे पुढच्या फळीत डावीकडे असलेल्या, स्मॅशरला लिफ्ट, म्हणजे सेटरने स्मॅशसाठी उचलून दिलेला चेंडू, नेटच्या फार जवळ मिळाली. पुढे धावत येऊन तो उडतो, त्यामुळे उतरताना अंग पुढे जाणारच. उडी साधारण ६० सेंटिमीटरची धरली, तर सर्वोच्च बिंदूवरून जमिनीवर यायला त्याला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. त्याने सरळ खाली जोरदार स्मॅश मारला, चेंडूचा वेग सेकंदाला २० मीटर आणि अंतर साडेपाच-सहा मीटर धरले, तर चेंडू ०.३ सेकंदाच्या आत जमिनीवर असतो. म्हणजे पाय टेकण्याआधीच रॅली संपलेली आहे. चेंडू खेळाबाहेर गेल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टात जायला मुभा आहे, तेव्हा दोन्ही पाय पलीकडे पडले तरी गुण स्मॅशरच्याच संघाचा. आता त्याच लिफ्टवर त्याने ब्लॉकवरून हलकी टिप टाकली. चेंडूला खाली यायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो आणि पाय आधी टेकतो. तो आख्खा पलीकडे असेल, तर टिप कितीही सुंदर पडली तरी गुण समोरच्यांचा. स्मॅश मागच्या फळीने उचलला, तरी हेच. म्हणून मध्यरेषेच्या तक्रारीत ‘पाय कुठे पडला’ याच्याइतकाच ‘तेव्हा चेंडू कुठे होता’ हा प्रश्न असतो. शिट्टी कधी वाजली याला महत्त्व नाही, कारण ज्या दोषासाठी शिट्टी वाजते तो घडला त्या क्षणीच चेंडू खेळाबाहेर गेलेला असतो.

नेटखालून हात घालून चेंडू काढण्याचा प्रकार बचावाच्या वेळी दिसतो. पुरुषांच्या नेटची उंची २.४३ मीटर आणि महिलांच्या नेटची २.२४ मीटर असते. जाळी स्वतः १ मीटर रुंद असल्याने खाली अनुक्रमे १.४३ आणि १.२४ मीटर मोकळी जागा उरते. पहिला पास खाली राहून चेंडू नेटखालून पलीकडे निघाला, तर तो नेटच्या उभ्या पातळीतून पूर्ण बाहेर जाईपर्यंत खेळात असतो. चेंडूचा व्यास सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे त्याचा अर्ध्याहून जास्त भाग पलीकडे असतानाही सेटर खाली वाकून, हात पलीकडे नेऊन तो परत उचलू शकतो. चेंडू पूर्ण पलीकडे गेला की मात्र विषय संपला. त्यानंतर कितीही चपळाईने काढला तरी उपयोग नाही. अँटेनाबाहेरून पलीकडच्या मोकळ्या जागेत गेलेल्या चेंडूला जी सवलत आहे, ती या चेंडूला नाही. अँटेनाबाहेरून गेलेल्या चेंडूमागे खेळाडू धावत जाऊ शकतो आणि तो त्याच बाजूने, अँटेनाबाहेरूनच परत आणता येतो.

नेट टचचा निकष वेगळा आहे. तिथे विचारायचे ते असे, की खेळाडू चेंडू खेळण्याच्या क्रियेत होता का? या क्रियेत उडी घेणे, मारणे किंवा मारण्याचा प्रयत्न करणे आणि सुरक्षित उतरून पुढच्या हालचालीला तयार होणे, एवढे सगळे येते. चेंडूला हात लागलाच पाहिजे असे नाही. चेंडूजवळ फसवी उडी घेणारा मधला खेळाडूही क्रियेतच धरला जातो, आणि त्याचे कोपर जाळीला लागले तर दोष त्याचाच. उलट ब्लॉकर नीट दोन्ही पायांवर उतरला, तोल सावरला, मग वळून मागे जाताना त्याचा खांदा जाळीला घासला, तर दोष नाही. तोल गेलेला असताना जाळीला धरून तो सावरला, तर सरळ दोष. क्रियेत नसलेल्या खेळाडूनेही जाळी ओढून किंवा धरून प्रतिस्पर्ध्याच्या खेळात अडथळा आणला, तर त्याला माफी नाही. लांब वेणीचा ओझरता स्पर्श सोडून दिला जातो, पण ती जाळीत अडकून खेळ थांबला तर दोष दिला जातो. समोरच्याने मारलेला चेंडू जाळीत आदळून जाळीच ब्लॉकरच्या हाताला येऊन लागली, तर तो ब्लॉकरचा दोष नव्हे.

२००९ ते २०१४ या काळात जाळीच्या फक्त वरच्या ७ सेंटिमीटर पट्टीला आणि अँटेनाच्या वर आलेल्या ८० सेंटिमीटर भागाला झालेला स्पर्श दोष मानला जाई. इतरत्र लागले तर खेळात व्यत्यय आला का ते पाहत. २०१५ पासून पुन्हा अँटेनांमधली पूर्ण जाळी नियमात आली. ‘वरच्या पट्टीलाच लागलं पाहिजे’ असे मैदानावर ऐकू आले, तर बोलणारा त्या सहा वर्षांत खेळ शिकलेला आहे असे खुशाल समजावे.

मध्यरेषा आणि नेटखालची जागा पाहणे हे दुसऱ्या पंचाचे काम. ब्लॉकच्या बाजूचा नेट टचही मुख्यतः तोच पाहतो, स्मॅशरच्या बाजूचा मुख्यतः पहिला पंच. चेंडू नेटवरून गेला की प्रेक्षकांची नजर चेंडूमागे जाते. दुसऱ्या पंचाने ती नेटवर आणि उतरणाऱ्या पायांवरच ठेवायची असते. जाळी हलली एवढ्यावर निर्णय देणे धोक्याचे, कारण ती चेंडूनेही हलते आणि वाऱ्यानेही.

कोल्हापूर परिसरातल्या मातीच्या मैदानांवर या सगळ्यात आणखी अडचणी येतात. फक्कीने आखलेली मध्यरेषा पहिल्या सेटमध्येच पायांनी पुसट होते, कारण सगळी उतराउतर तिच्यावरच असते. म्हणून काही ठिकाणी नवारीची पट्टी खिळ्यांनी ठोकून बसवतात. ती ताणलेली हवी. सैल पट्टी पायाबरोबर सरकते आणि रेषाच पलीकडे जाते. जाळीची खालची दोरी खांबांना बांधलेली नसेल तर जाळी फुगते आणि उगाच अंगाला लागते. अँटेना नसतील, तर बाजूच्या रेषेबाहेर आलेल्या जाळीला लागलेला हात दोषी की निर्दोष, यावर भांडण ठरलेले. अशा वेळी बाजूच्या रेषांच्या थेट वर दोन रंगीत काठ्या जाळीला बांधल्या तरी काम भागते. पंच एकच असेल तर खुर्चीवरून त्याला नेटखालचे नीट दिसत नाही. मग मध्यरेषेसाठी खांबाजवळ दुसरा माणूस उभा करावा, आणि त्याची शिट्टी मानायची हे दोन्ही कर्णधारांकडून टॉसच्या वेळीच कबूल करून घ्यावे. शूटिंगबॉल खेळणारी मुले संघात असतील तर त्यांना हे नियम आधी सांगावेत, कारण तो खेळ निराळा आहे आणि तिथल्या सवयी इथे चालत नाहीत.